अक्षरे मोडलेला पहिला निरोप

तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावी धान खरेदी करणारी संस्था, सेतू केंद्र, शाळा किंवा पतसंस्था चालवणाऱ्याकडे रोज अनोळखी माणसांचे निरोप येतात. त्यातला एखादा उघडावा तर वाचताच येत नाही. कधी नुसती इंग्रजी अक्षरे, कधी चौकोन, कधी प्रश्नचिन्हांची रांग, तर कधी अर्धे वाक्य देवनागरीत आणि अर्धे रोमनमध्ये. पाठवणाऱ्याने तो निरोप मन लावून लिहिलेला असतो, आणि त्याच्या पडद्यावर तो बहुतेक वेळा स्वच्छ दिसलेला असतो. "हे काय पाठवलं?" असे उत्तर गेले की तो माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही. तो थेट चकरा मारायला लागतो किंवा कुणाला तरी मध्ये घालतो.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक काम करावे लागते. अक्षरे कुठे मोडली ते ओळखायचे. मोडण्याच्या तऱ्हा थोड्याच आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे. खूण कळली की निम्म्याहून अधिक निरोप पाठवणाऱ्याला काहीही न विचारता वाचता येतात, आणि विचारायची वेळ आली तरी नेमके काय विचारायचे ते ठरते.

इंग्रजी अक्षरे, पण इंग्रजी नव्हे

आपल्या भागात सर्वांत जास्त भेटणारा प्रकार हा. समजा, संस्थेच्या मेलवर सकाळी असा मजकूर आला आणि तो तुम्ही मोबाइलवर उघडला:

```
lj] eyk /kkukpk cksul feGkyk ukgh-
xV Ø- 114@2 pk 7@12 lkscr tksMyk vkgs-
eq- eqaMhdksVk rk- frjksMk
```

पहिल्या नजरेला वाटते, पोराच्या हातात मोबाइल गेला असावा. प्रत्यक्षात हे शुद्ध, व्यवस्थित टंकलेले मराठी आहे, कृतीदेव फॉन्टमधले. कृतीदेवमध्ये संगणक साठवतो ती साधी इंग्रजी अक्षरेच, फक्त फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. `e` च्या जागी म दिसतो, `j` च्या जागी र, `k` च्या जागी काना. पाठवणाऱ्याच्या संगणकात कृतीदेव आहे, म्हणून त्याला मराठी दिसते. आपल्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून आकार गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

असा निरोप पाठवणारा बहुधा टायपिंग शिकलेला माणूस असतो. टंकलेखन यंत्राच्या काळातला रेमिंग्टन कळफलक ज्यांच्या बोटांत बसला आहे, त्यांना कृतीदेव सोपा जातो, कारण त्याची अक्षरे त्याच कळांवर आहेत. शासकीय कचेऱ्यांतून, अर्जनविसांकडून, झेरॉक्सच्या दुकानांतून वर्षानुवर्षे हाच फॉन्ट चालत आला आहे. मिनिटाला चाळीस शब्द टंकणाऱ्या माणसाला "तुम्हाला मराठी टाइप करता येत नाही का" असे विचारणे केवढे लागेल, याचा विचार उत्तर लिहिताना मनात असू द्यावा.

ओळखायचे कसे? तीन शब्द पाठ करून ठेवावेत. `vkgs` म्हणजे आहे, `ukgh` म्हणजे नाही आणि `vkf.k` म्हणजे आणि. कुठल्याही मराठी पत्रात यातला एक तरी सापडतोच. तो सापडला की फॉन्ट कृतीदेव, किंवा त्याच कळफलकावरचा त्याचा भाऊबंद, हे जवळजवळ पक्के.

आता वरचा निरोप हाताने सोडवू. `lj` मध्ये `l` म्हणजे स आणि `j` म्हणजे र, म्हणून "सर". त्यापुढचा `]` हा स्वल्पविराम. `eyk` म्हणजे म, ल आणि काना, "मला". `/k` म्हणजे ध, त्याला काना लागला, पुढे `u` चा न आला, पुन्हा काना आणि शेवटी `pk` चा चा, असे मिळून "धानाचा". `cksul` मध्ये `c` ब आहे आणि `ks` ही ओची मात्रा आहे, म्हणून "बोनस". `feGkyk` मधला `f` ही ऱ्हस्व वेलांटी. यंत्रावर वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय होती, तीच इथे राहिली आहे. वेलांटी, म, मग `G` चा ळ, असे होऊन "मिळाला". शेवटचा `-` हा पूर्णविराम. पहिली ओळ झाली: सर, मला धानाचा बोनस मिळाला नाही.

दुसरी ओळ जास्त जपून वाचावी, कारण आकडे तिच्यात आहेत. `xV Ø-` म्हणजे गट क्र. आणि `@` म्हणजे तिरकी रेघ. तेव्हा गट क्रमांक ११४/२ आणि पुढचे `7@12` म्हणजे ७/१२. इथे `@` ला चुकून पडलेले चिन्ह समजून ते गाळले तर गट क्रमांक ११४२ होतो आणि दुसऱ्याच कुणाची जमीन पुढ्यात येते. `lkscr tksMyk vkgs` म्हणजे सोबत जोडला आहे. तिसऱ्या ओळीत पत्ता: मु. मुंडीकोटा, ता. तिरोडा. मेलला जोडलेली फाइल म्हणजे सातबारा, हे आता उघडण्याआधीच कळले.

रोज हाताने सोडवत बसायची गरज नाही. कृतीदेवचे युनिकोड करून देणारी रूपांतरके पुष्कळ आहेत. पण तीन ठिकाणी ती अडखळतात, आणि नेमक्या त्याच जागा कामाच्या असतात.

पहिली जागा म्हणजे मुळातच इंग्रजीत लिहिलेला मजकूर. मेलमध्ये खाते क्रमांकाबरोबर `IFSC` असे लिहिलेले असेल तर रूपांतरक त्यालाही कृतीदेव समजतो आणि "प्थ्ैब्" असे काहीतरी काढून देतो. मेलचा पत्ता, बँकेचा कोड, संकेतस्थळ हे सारे आधी बाजूला काढून ठेवावे आणि उरलेल्याचेच रूपांतर करावे.

दुसरी जागा आपल्या शेतकऱ्यांची. "शेतकऱ्यांना" या शब्दातला अर्धा र कृतीदेवमध्ये नेहमीच्या कळेवर नाही. तो आणायला वेगळा कोड लागतो. त्यामुळे बरेच टंकलेखक तिथे आडवी रेघ मारतात आणि रूपांतरानंतर "शेतक-यांना" असे उतरते. शासनाच्या जुन्या पत्रकांत हे रूप जागोजाग दिसते. ती शुद्धलेखनाची चूक नाही. कळफलकाच्या अडचणीतून काढलेली ती वाट आहे, आणि ती पाठवणाऱ्याला दाखवून देण्याचे काही कारण नाही.

तिसरे, फॉन्ट कृतीदेव नसून दुसराच असेल तर रूपांतर होते, पण मजकूर निरर्थक येतो. श्रीलिपीत "आहे" हे `Amho` असे दिसते, आणि क च्या जागी `H$` येतो, म्हणून डॉलरची चिन्हे पसरलेली दिसली की श्रीलिपी आठवावी. सी-डॅकच्या सुरेख, योगेश या फॉन्टांत `É` हे टोपीवाले अक्षर पानभर विखुरलेले असते. शंका असेल तर दोन-तीन शब्दच रूपांतरकात घालून बघावेत. आहे, नाही, मला असे काही बाहेर आले तरच पुढे जावे.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. सातबारा, आधार किंवा खाते क्रमांक असलेला पूर्ण मेल अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये. आकडे आणि नावे काढून उरलेली वाक्ये घालावीत, किंवा संगणकावर उतरवून घेतलेले, जाळ्याशिवाय चालणारे रूपांतरक वापरावे. आठ-दहा शब्दांचा निरोप असेल तर हातानेच सोडवावा, तो वेळही कमी घेतो.

à¤ अशी नक्षी

दुसरा प्रकार दिसायला अधिक भयंकर, पण मुळात सोपा. तिरोडा हा शब्द असा दिसतो:

```
à¤¤à¤¿à¤°à¥‹à¤¡à¤¾
```

यात पाठवणाऱ्याचा काडीचाही दोष नाही. त्याने आजच्या रीतीने, युनिकोडमध्येच लिहिले आहे. युनिकोडचे मराठी अक्षर यूटीएफ-८ या पद्धतीत साठवले की प्रत्येकाला तीन बाइट लागतात, आणि त्यातले पहिले दोन जवळजवळ नेहमी ठरलेले असतात. वाचणाऱ्या यंत्राने ती पद्धत ओळखली नाही आणि एकेक बाइट म्हणजे एकेक युरोपीय अक्षर असे धरले, की हे तिहेरी तुकडे पडतात. म्हणून `à¤` आणि `à¥` हे जोड दर तीन अक्षरांनी परत येतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

हे सर्वांत जास्त घडते ते नावांच्या यादीत. कुणीतरी सभासदांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून पाठवतो, आपण तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडतो आणि सगळी नावे à¤ होऊन बसतात. पाठवणाऱ्याला "यादी खराब आहे" असे कळवण्याआधी फाइल बंद करावी. बंद करताना एक्सेलने विचारले तरी साठवू नये. नवे कोरे पान उघडून `Data` मधल्या `From Text/CSV` ने तीच फाइल आत घ्यावी आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडावे. नावे जशीच्या तशी उभी राहतात. मेलमध्येच असे दिसत असेल तर मेल दुसऱ्या यंत्रावर किंवा ब्राउझरमध्ये उघडून बघावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

मर्यादा एक आहे, आणि ती माहीत नसली की माणसांची नावे चुकतात. त्या युरोपीय संचात पाच जागा रिकाम्या आहेत. मराठीतले काही वर्ण नेमके त्या जागांवर पडतात: ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू आणि सर्वांत महत्त्वाचा हलंत, ज्यावर आपली सगळी जोडाक्षरे उभी आहेत. तुटलेला मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवला की या जागा गळू शकतात. मग दुरुस्ती केल्यावर "मुंडीकोटा" चे "म�ंडीकोटा" होते आणि जोडाक्षरांच्या मधोमध तसाच काळा हिरा बसतो. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाइलवर करावी, चिकटवलेल्या मजकुरावर नाही. काळे हिरे दिसले तर त्या नावांपुरतेच पाठवणाऱ्याला विचारावे. ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू किंवा जोडाक्षर असलेली नावे तपासली की पुरे, अख्खी यादी पुन्हा मागायची गरज नसते.

प्रश्नचिन्हे

`?????? ???? ???` असे आले तर सोडवत बसू नये. इथे अक्षरे वाटेत कुठल्या तरी जुन्या यंत्रणेने खरोखर फेकून दिली आहेत. ज्या यंत्रणेला देवनागरी साठवता येत नाही ती प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवते. त ि र ो ड ा ही सहा चिन्हे, म्हणून तिरोड्याची सहा प्रश्नचिन्हे. शब्द किती लांबीचा होता एवढे कळते, त्यापुढे काही नाही. कुठलेही रूपांतरक हे परत आणू शकत नाही.

एसएमएसवर हे अजून भेटते. तिथे साध्या रोमनमध्ये एका संदेशात १६० अक्षरे बसतात आणि देवनागरीत ७०. या हिशेबामुळेही एक अख्खी पिढी मराठी रोमनमध्ये लिहायला शिकली, हेही जाता जाता लक्षात घ्यावे. असा निरोप आला की फोन लावावा. "तुमचा मेसेज आला, पण आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्यातली अक्षरं गळाली. काय म्हणत होता, सांगता का?" हे वाक्य खरेही आहे आणि त्यात कुणाला कमीपणा नाही.

चौकोन

चौकोनांचा अर्थ अगदी उलटा. `□□□□` दिसले की अक्षरे शाबूत आहेत, आपल्या यंत्राकडे त्यांचा फॉन्ट नाही एवढेच. हाच निरोप दुसऱ्या, नव्या मोबाइलवर नीट दिसू शकतो.

बहुतेक वेळा ती एखादी नवी इमोजी निघते. पण गोंदिया जिल्ह्यात दुसरी शक्यता मनात ठेवायला हवी. इथे गोंड समाज मोठा आहे आणि गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली घडवलेली मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांत सापडलेली दुसरी लिपी पाठोपाठ २०१८ मध्ये आली. एखाद्या तरुणाने आपले नाव किंवा "जय सेवा" ही वंदना त्या लिपीत लिहून खाली मराठीत काम लिहिले असेल, तर आपल्याला वर चौकोन आणि खाली मराठी दिसेल. त्याला "वरती काहीतरी कचरा आला आहे" असे लिहिणे म्हणजे त्याच्या लिपीलाच कचरा म्हणणे झाले.

यावर उपाय आहे. नोटो नावाच्या मोफत फॉन्टसंचात मसराम गोंडीचा फॉन्ट आहे. तो संगणकावर बसवला की चौकोनांची अक्षरे होतात. वाचता आली नाहीत तरी ती कुठली लिपी आहे हे कळते, आणि मग विचारायचे ते असे: "वरची ओळ गोंडीत आहे ना? मला ती लिपी वाचता येत नाही. नोंदीसाठी नाव देवनागरीत कसं लिहू?" नाव त्याच्या मनाप्रमाणे लागते आणि प्रश्नाचा रोख आपल्या न येण्यावर राहतो.

रोमन, देवनागरी आणि तीन बोल्या

आता तो प्रकार, ज्यात यंत्राचे काहीच बिघडलेले नसते. "sir मला form bharaycha ahe, kal yeto". लिपी मध्येच बदलते कारण मोबाइलचा कळफलक मध्येच बदलतो. इंग्रजी शब्दासाठी इंग्रजी कळफलक काढला, परत मराठीवर जायचे राहून गेले. बोलून टाइप करणाऱ्यांचे वेगळेच होते. मोबाइलवर भाषा हिंदी लावलेली असते, माणूस मराठीत बोलतो, आणि यंत्र त्याला जवळचा वाटेल तो हिंदी शब्द उमटवते. असा निरोप डोळ्यांनी वाचला तर अडतो. मोठ्याने वाचला की बहुधा उलगडतो, कारण तो मुळात बोललेलाच असतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. तिरोड्याचा माणूस घरी पोवारी किंवा झाडीबोली बोलतो, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी. मध्य प्रदेशाची हद्द जवळच आहे. निरोपात ही तिन्ही एकत्र उतरतात. पोवारीत "से" म्हणजे आहे. रोमनमध्ये `se` लिहिलेले वाचून हिंदीतला "पासून" या अर्थाचा से धरला तर वाक्य भलतीकडे जाते. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. पाणी तिथे पानी असते आणि डोळा डोरा. तेव्हा "शेताले पानी नाही" असे आले तर ते जसे बोलले जाते तसेच लिहिलेले असते. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते, आणि उत्तरात मुद्दाम "पाणी" वर जोर देणे तर मुळीच नको.

गावाच्या नावाचेच बघा. `Tiroda` आणि `Tirora` ही दोन्ही रूपे पाट्यांवर आणि कागदांवर चालतात, कारण आपल्या ड ला हिंदीच्या सवयीने `r` लिहितात. म्हणून रोमन निरोपातली नावे शोधताना `d` आणि `r` दोन्ही लावून नोंदवही बघावी. `dhan` हे धानही असू शकते आणि धनही. `bara` म्हणजे बारा की बरा, हे पुढच्या शब्दावरून ठरते.

पण खरा धोका एकाच शब्दाचा, `kal` चा. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. हिंदीत कल म्हणजे कालही आणि उद्याही. तिरोड्यातल्या माणसाने "paise kal" असे लिहिले तर पैसे काल आले की उद्या यायचे आहेत, हे क्रियापद नसेल तर सांगता येत नाही. "kal yeto" मध्ये निदान येतो आहे, म्हणजे उद्या. परवाचे तर मराठीतही दोन्ही अर्थ होतात. इथे अंदाज करू नये. "म्हणजे उद्या की काल?" असेही विचारू नये, त्याने समोरच्याला आपले लिहिणे तपासले गेल्यासारखे वाटते. उत्तरात तारीख आपणच घालावी: "गुरुवारी १२ तारखेला येता ना? मी अकरापासून इथेच आहे." चूक असेल तर तो सहज सांगतो, बरोबर असेल तर नुसते हो म्हणतो.

उत्तर

उत्तराची माझी रीत अशी आहे, आणि ती मला पटलेली आहे. आधी पोच द्यायची, मग आपल्याला काय कळले ते आपल्या शब्दांत सांगायचे, मग एकच प्रश्न विचारायचा. वरच्या कृतीदेव मेलला मी असे उत्तर देईन:

"नमस्कार भाऊ. तुमचा मेल मिळाला. तुमच्या धानाचा बोनस अजून जमा झालेला नाही, आणि गट क्र. ११४/२ चा सातबारा तुम्ही जोडला आहे, हे वाचले. गट क्रमांक बरोबर आहे ना, तेवढे कळवा. खात्याचे मी बघून सांगतो."

यात फॉन्टचा उल्लेखच नाही. गट क्रमांक विचारणे हे कुठल्याही कारकुनाचे काम आहे, त्यामुळे त्या प्रश्नात अक्षरे न दिसल्याची कबुली दडली आहे असे कुणाला वाटत नाही. आणि आपण काही चुकीचे वाचले असेल तर ते याच उत्तरात उघडे पडते. पाठवणाऱ्याचा मोडलेला मजकूर मात्र उत्तराखाली तसाच जोडून जाऊ देऊ नये. त्याने तो स्वच्छ लिहिला होता, आणि आता त्याला तो पहिल्यांदाच विस्कटलेला दिसेल.

लिपी कुठली वापरायची? त्याने रोमनमध्ये लिहिले असेल तर छोट्या वाक्यांचे रोमनच बरे, निदान पहिल्या खेपेला. मोबाइलवर देवनागरी उमटत नाही म्हणून तो रोमनकडे वळला असेल, तर आपले देवनागरी उत्तर त्याच्याकडे चौकोन होऊन पोहोचेल. मिश्र लिहिले असेल तर सरळ देवनागरीत लिहावे, कारण देवनागरी त्याला दिसते हे त्याच्याच निरोपातून कळलेले असते. इंग्रजीत मात्र उत्तर देऊ नये. "आमची मराठी जमली नाही" असा त्याचा अर्थ घेतला जातो.

मजकूर अजिबात वाचता आला नाही तर कळल्याचे सोंग घेऊ नये. "ठीक आहे, बघतो" एवढे उत्तर मिळाले की माणूस निर्धास्त होऊन पैशांची वाट बघत घरी बसतो, आणि त्याला असे गैरसमजात ठेवणे लाजवण्यापेक्षा वाईट आहे. अशा वेळी पहिल्याच वाक्यात सांगावे आणि सोपी वाट द्यावी: "ताई, निरोप पोहोचला, पण माझ्या मोबाइलवर अक्षरं उमटत नाहीत. तुमच्या पडद्याचा फोटो पाठवता का? नाहीतर बोलून पाठवा, तेही चालेल." फोटोत फॉन्टचा प्रश्नच उरत नाही, आणि बोलून पाठवायला लिपी लागत नाही. "पुन्हा नीट टाइप करून पाठवा" असे मात्र म्हणू नये. तिने नीटच टाइप केले होते, आणि तसेच पुन्हा केले तर तसेच पुन्हा मोडेल.

कुणाची मदत घ्यायची असेल तर निरोपाचे चित्र काढून गटावर टाकू नये. "कुणाला वाचता येतंय का?" या प्रश्नाखाली हसरी तोंडे पडतात आणि पाठवणाऱ्याचे नाव-नंबर वर तसेच दिसत असते. तालुक्याच्या गावात तो निरोप संध्याकाळपर्यंत ज्याचा त्याच्याकडे पोहोचतो. एका जाणत्या माणसाला, नाव कापून, एकट्याला पाठवावा.

न वाचता येणाऱ्या मजकुराबरोबर एखादा दुवा किंवा अॅप बसवणारी फाइल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी फोन करून माणूस खरा आहे याची खात्री करावी, फाइल नंतर.

काम झाल्यावर

फॉन्टबद्दल बोलायचेच असेल तर ते काम पूर्ण झाल्यावर. बोनसचा निकाल लागला, माणूस खूश आहे, तेव्हा एक ओळ पुरते: "पुढचा अर्ज टाइप केला की त्याची पीडीएफ करून पाठवा, ती आमच्या मोबाइलवरही तशीच दिसते." पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून येतो, त्यामुळे त्याला कृतीदेव सोडावे लागत नाही आणि आपल्यालाही वाचता येते. त्याला नवा कळफलक शिकवायला जाऊ नये. त्याने विचारले तर जरूर दाखवावा.

आणि मूळ निरोप पुसू नये, त्यात काही दुरुस्तही करू नये. आपण उलगडलेला मजकूर वेगळा ठेवावा, आणि नोंदवहीत त्या माणसाच्या नावापुढे एवढेच लिहावे: मेल कृतीदेवमध्ये येतो, किंवा रोमन लिहितो, किंवा फोन बरा. त्याचा पुढचा निरोप ज्याच्या हाती पडेल, त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावे लागणार नाही.